दोन तिसरे दिवस

पत्रक एकदा वाटलं की परत गोळा करता येत नाही. हे मी माझ्याच चुकीने शिकले. जुन्या शहरातलं वाचनालय संध्याकाळीही उघडं राहावं म्हणून आम्ही सभा ठेवली होती. पत्रक मी लिहिलं, चांगलं झणझणीत लिहिलं, आणि खाली छापलं 'रविवार, सहा तारीख'. सहाला शनिवार होता. निम्मी माणसं शनिवारी आली, निम्मी रविवारी, आणि दोन्ही दिवशी सभा फसली. तेव्हापासून कुठेही तारीख दिसली की मी आधी तिचा वार शोधते.

सभा घेऊन पोट भरत नाही. म्हणून दुपारी मी जठारपेठेतल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसते. दोन टेबलं, एक प्रिंटर, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. माणूस दिलदार, पण कागदाच्या बाबतीत अगदी ढिला. नवी सहल आली की जुन्या सहलीची फाइल उघडायची, नाव बदलायचं, तारखा बदलायच्या, झालं. 'निसर्गरम्य' आणि 'अविस्मरणीय' हे शब्द तर त्यांच्या फाइलींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. विमानाची वेळ मात्र शोधावी लागायची.

त्या दिवशी फाइल होती श्रीलंकेची. अमरावतीच्या एका विहारातल्या अठ्ठावीस जणी आणि जण जाणार होते. पुढारी होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या मॅडम. या मंडळींचा एक नेम आहे: दर पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात बसून ग्रंथवाचन. अकरा वर्षांत एकही पौर्णिमा चुकलेली नव्हती. लॉकडाउनमध्ये फोनवर वाचलं, पण वाचलं. या वेळचं वाचन अनुराधापूरला, महाबोधी वृक्षाजवळ करायचं, असा शब्द मॅडमनी सगळ्यांना दिला होता. पौर्णिमा होती तेरा तारखेला. सहल दहाला निघून सतराला परतणार होती. मॅडमनी सुरुवातीलाच भाऊंना बजावलं होतं की बाकी काहीही हलवा, तेराची संध्याकाळ हलवू नका.

चारला वेळापत्रक ग्रुपवर टाकतो, असं भाऊ सांगून बसले होते. तीनला त्यांनी प्रिंट माझ्यापुढे सरकवली आणि शुद्धलेखन तेवढं बघ म्हणाले. मी म्हटलं, शुद्धलेखन मागाहून. आधी तिकिटं आणि हॉटेलांची कन्फर्मेशनं काढा. आमच्या चळवळीत पत्रक दोघांनी तपासायचं असतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापल्या मजकुरावर बोट ठेवायचं. भाऊ कुरकुरले, पण वाचायला बसले.

पहिली चूक लगेच सापडली. नागपूरहून मुंबईचं विमान दहाला संध्याकाळी, ते बरोबर होतं. मुंबईहून कोलंबोचं विमान कागदावर होतं 'दहा तारीख, १:१५'. तिकिटावर होतं अकरा तारीख, ०१:१५. म्हणजे दहाची रात्र उलटल्यावर. अमरावतीकर नागपूरहून एकत्रच येणार होते, पण त्याच अठ्ठाविसांतली मॅडमची बहीण आणि तिचे यजमान पनवेलहून थेट मुंबईच्या विमानतळावर येणार होते. कागदावर विश्वास ठेवला असता तर ती दोघं एक अख्खा दिवस आधी तिथे येऊन बसली असती. मी लिहिलं: 'बुधवार, अकरा तारीख, पहाटे १:१५. विमानतळावर मंगळवारी, दहा तारखेला रात्री सव्वादहापर्यंत पोचावे.' कितीदा सांगितलं तरी मध्यरात्रीनंतरच्या विमानाला लोक आदल्या दिवसाचंच समजतात, आणि कागद लिहिणाराही तेच समजला की झालंच.

मग मला वाटलं, दुसरी चूकही सापडली. विमान उतरणार अकराला पहाटे पावणेचारला, आणि विमानतळाजवळच्या हॉटेलाचं कन्फर्मेशन दहापासून. मी ताडकन उठले. माणसं आकाशात असताना तुम्ही त्यांच्या खोल्या धरता, ही कसली सेवा, हा लोकांचा विश्वासघात आहे, असं बरंच बोलले. भाषण संपेपर्यंत भाऊ चहा पीत राहिले.

"झालं? आता आयक. त्यायच्या हॉटेलात खोली भेटते दुपारी दोनले. पहाटी पोचलेल्या म्हाताऱ्या बायांले मी धा घंटे खुर्चीवर बसवून ठेवू का? म्हनून आदल्या रातपासून धरली."

मी गुपचूप खाली बसले. ते बरोबर होते. मी कागदावर तेवढं लिहिलं, 'पोचताच खोली मिळेल', म्हणजे माझ्यासारखं आणखी कुणी ओरडायला नको.

खरी चूक शेवटी सापडली, आणि तीही उलटं वाचल्यामुळे. आमचं पत्रक छापणारे म्हातारे प्रेसवाले सांगायचे, शेवटून वाच, म्हणजे मजकूर तुला वाहवत नेत नाही. मी शेवटची ओळ पाहिली: 'दिवस ७, मंगळवार, सतरा तारीख'. बोटांवर मोजलं. दहा ते सतरा, तारखा आठ. दिवस सात. वार तारखांशी नीट जुळत होते, म्हणून वरून वाचताना माझा डोळा घसरून गेला होता. मागे मागे येत गेले. सहा, पाच, चार, तीन. आणि त्याच्या वर परत तीन. गुरुवार, बारा तारीख, दिवस ३. शुक्रवार, तेरा तारीख, दिवस ३.

जुन्या फाइलीत अनुराधापूरला दोनच मुक्काम होते. मॅडमच्या पौर्णिमेसाठी भाऊंनी एक दिवस वाढवला, तो वरची ओळ खाली चिकटवून. तारीख बदलली, मजकूर बदलला, आकडा राहिला.

एवढंच असतं तर खोडून मोकळे झालो असतो. पण भाऊ हॉटेलं तारखा न बघता दिवसाच्या आकड्यांवरून धरायचे. अनुराधापूर: दिवस दोनला जायचं, दिवस चारला सोडायचं, म्हणजे रात्री दोन. लागत होत्या तीन. कन्फर्मेशन काढलं. अकराला आत, तेराला सकाळी बाहेर. तिथून पुढचं कँडीचं आणि कोलंबोचं हॉटेलही एकेक दिवस आधी सरकलेलं, आणि सोळाच्या रात्री कुठेच खोली नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी अख्खा ग्रुप बसमध्ये, कँडीच्या वाटेवर.

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी कोलंबोच्या एजंटला फोन लावला. कँडी आणि कोलंबोच्या तारखा सरकल्या. अनुराधापूरच्या हॉटेलात तेराला चौदा खोल्या लागत होत्या, मिळत होत्या सहा. पौर्णिमेला तिथे सगळा देशच लोटतो. बाकीच्यांसाठी जवळच्या यात्रेकरूंच्या विश्रामगृहात दोन मोठ्या खोल्या होत्या, खाली गाद्या.

चार वाजत आले होते. भाऊ म्हणाले, तेराला सकाळी झाडाचं दर्शन करवू आणि दुपारी निघू. पौर्णिमेच्या दिवशीच दर्शन झालं, खोटं काय त्यात? मी म्हटलं, भाऊ, यात खोटं काही नाही आणि खरंही काही नाही. त्यांनी दर्शन मागितलं नव्हतं, संध्याकाळ मागितली होती. हा कागद आत्ता ग्रुपवर गेला तर अठ्ठावीस घरांत प्रिंट निघतील, लेकी-जावयांना पाठवल्या जातील, आणि नंतर तुम्ही दहा दुरुस्त्या पाठवल्या तरी शेवटपर्यंत हाच खरा धरला जाईल. मॅडमना आधी सांगा. चूक झाली म्हणूनच सांगा.

"मीच सांगू?" भाऊंनी विचारलं.

"तुमीच," मीही वऱ्हाडीतच म्हटलं. "मी बाजूले बसतो."

ग्रुपवर त्यांनी फक्त लिहिलं की वेळापत्रक उद्या. त्यानंतर मॅडमना फोन केला. मला वाटलं होतं भाऊ सावरून घेतील, आकड्यांवर ढकलतील. पण ते सरळ म्हणाले, मॅडम, माझ्या हातून दिवस मोजायला चुकलं, आणि पुढचं सगळं सांगितलं. मला त्यांच्याबद्दल अचानक फार बरं वाटलं.

स्पीकरवर मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळ हाये ना पन?"

"हाये. पन आठ खोल्यांतल्यांले खाली गादीवर..."

"अवो, तिथं झोपाले कोन चाललं? सहा खोल्या गुडघेवाल्यायले द्या. बाकीच्या आमी विहारात सतरंजीवर बसनाऱ्याच बाया आहो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तसंही मला बैठकीसाठी अमरावतीला जायचंच होतं. दुरुस्त कागद घेऊन मी सकाळच्या एसटीने निघाले आणि आधी मॅडमकडे गेले. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, आणि घरातून लाल पेन आणलं. मी मनातल्या मनात हसले. दिवस एक ते आठ मी स्वतः घातले होते, प्रत्येक तारखेपुढे वार होता, प्रत्येक रात्रीपुढे हॉटेल आणि तिथे जायची-सोडायची तारीख होती. आता काय सापडणार होतं?

मॅडम दहा मिनिटं एकेक ओळीवरून पेन फिरवत गेल्या. शेवटच्या पानावर, अगदी खाली सूचना होत्या, तिथे पेन थांबलं.

"'परतीसाठी सातव्या दिवशी सकाळी सहाला सामान खोलीबाहेर ठेवावे.' परतीचं विमान कितव्या दिवशी हाये?"

"आठव्या."

"मंग आमी एक दिवस अगुदरच सामान काहून काढून ठेवू?"

आकडे सगळे बदलले होते मी. आकड्यांकडे बोट दाखवणारं ते वाक्य तसंच राहिलं होतं, कारण त्यात सात हा आकडा नव्हता, 'सातव्या' हा शब्द होता. मी तो डोळ्यांनी पाहिलाही होता, सूचना म्हणून. मान खाली घातली. मॅडमनी लाल गोल केला, वर 'आठव्या, मंगळवार, सतरा' लिहिलं, आणि शाळेत करत असतील तशी समासात छोटी सही केली.

"पत्रकं लिहितं म्हने तू," त्या म्हणाल्या. "चांगली असतीन. रागात लिहिनाराले स्वतःचं दिसत नाई, एवढंच."

चहा झाला. त्यांनी निवडलेल्या तुरीची पिशवी जबरदस्तीने दिली. भाऊंना फोन करून मी तेवढी ओळ बदलायला सांगितली. त्यांनी कागद ग्रुपवर टाकला तेव्हा मी अजून मॅडमच्या ओट्यावरच होते. मॅडमचा फोन वाजायला लागला. कुणी विचारलं सामान किती, कुणी विचारलं लोणचं चालतं का. दिवस कितवा हे कुणीच विचारलं नाही. प्रूफ बघणाऱ्याला याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

तेरा तारखेला संध्याकाळी आम्ही वाचनालयासाठी सह्या गोळा करत होतो. मॅडमचा फोटो आला. पांढऱ्या साड्यांतल्या बाया ओळीने जमिनीवर बसलेल्या, पुढे पणत्या, मागे कठडा आणि त्यावर आलेल्या झाडाच्या फांद्या. मॅडमच्या मांडीवर उघडा ग्रंथ, आणि पान उडू नये म्हणून त्यावर दाबून ठेवलेला आमचा कागद, घडी घातलेला. फोटो मोठा करून पाहिला. घडीवर नेमकी वर आलेली ओळ वाचता येत होती: दिवस ४, शुक्रवार.

मी वार तपासला. शुक्रवारच होता.