लाल दिव्याची बाराची रांग

मंगळवार, दुपारचे पावणेपाच. जागा: सातपूरच्या एका कॉइल कारखान्याचे गेट. हजर: कारखान्याचे एचआर साहेब, गेटवरचा वॉचमन, झडती घेणारी बाई, दुसऱ्या टेबलाची पहिली कामगार आणि मी. गैरहजर: आमचे सर. त्यांना मी तीनदा फोन केला होता.

मी अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करते. सर डिझाइन करतात, दोन मुली सोल्डरिंग करतात, आणि टेस्टिंग, पॅकिंग, तक्रारी हे सगळं माझ्याकडे असतं. कारखान्याच्या गेटवर लावायची पेटी हा आमचा माल. सुट्टी झाली की प्रत्येक कामगाराने जाताना तिचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर जायचं, लाल लागला तर झडती. कुणाची झडती घ्यायची हे माणसाने ठरवायचं नाही, म्हणजे भांडण नाही, असा या पेटीचा अर्थ. सातपूरच्या या कारखान्यात तांब्याची तार वापरतात, ती चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी पेटी घेतली होती.

एचआर साहेबांनी फाइल माझ्यासमोर उघडली. आत नऊ मेमो होते. तीन बायका, प्रत्येकीचे तीन, आणि तिघींना तीन आठवडे रोज लाल.

"मॅडम, यंत्राला नातंगोतं नसतं," ते म्हणाले. "तिघी एकाच बसने देवळाली कॅम्पला जातात. झडतीत काही सापडत नाही, पण रोज याच कशा? म्हणून दर आठवड्याला संशयाचा मेमो. आणखी एक मेमो झाला की नियमाप्रमाणे कामावरून कमी."

तिघींतली एक, दुसऱ्या टेबलाची पहिली कामगार, पन्नाशीची असावी. मूळची चांदवडकडची, अठरा वर्षं तार गुंडाळण्याचं, म्हणजे वायंडिंगचं काम करणारी. ती साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्या पेटीची आमच्यावर लय माया हाय. पोरगी विचारती, आज पन लाल का गं आये?"

पेटी मीच पास केली होती. टेस्टची वही मी सोबत आणली होती, ती उघडून दाखवली. शंभर वेळा बटण दाबलं होतं, दहा-दहाच्या ओळीत ह आणि ल लिहिले होते. आठ ल. ऑर्डरमध्ये आठातली एक असं लिहिलं होतं, म्हणजे शंभरात बारा-तेरा ल यायला हवे होते. पण शंभरच दाब, चार इकडे-तिकडे चालतात, असं म्हणून मी टिक केली होती. ते ल पानभर विखुरलेले होते. कुठे काही ठरलेलं दिसत नव्हतं.

"हे बघा, एका जागी नाहीत," मी म्हणाले.

दुसऱ्या टेबलाच्या बाईने वही उलटीसुलटी केली. "वहीत नसंल. आमच्या रांगेत हाय. टेबलं सहा, येका टेबलाला सहा जनी. कुनी आली नाय तर बदली बसवत्यात, खुर्ची मोकळी नाय ठेवत. सुटलं की टेबलागनिक बाहेर. दुसऱ्या टेबलाची पहिली, चौथ्याची पहिली, सहाव्याची पहिली. रोज. तुमाला नाय का हे मोजता येत?"

मी मोजलं. सातवी, एकोणिसावी, एकतिसावी. मग वहीतल्या पहिल्या ओळीतला ल बघितला. सातवा. दुसऱ्या ओळीतला नववा, म्हणजे एकोणिसावा. चौथ्या ओळीतला पहिला, म्हणजे एकतिसावा. गेटवरच्या स्टुलावर बसून मी त्याच शंभर नोंदी पुन्हा उतरवल्या, या वेळी बारा-बाराच्या ओळीत. सगळे ल एकाखाली एक, सातव्या रकान्यात उभे राहिले.

पंचवीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट दहाच्या ओळीत लिहीत आले. वाचायला सोपं जातं. पण त्यात ही रांग कधीच दिसली नसती.

एचआर साहेब म्हणाले, "म्हणजे पेटीत काही सेटिंग आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांसमोर वही ठेवली. त्यांनी सातव्या रकान्यावरून बोट खाली नेलं. मग म्हणाले, "बारा कुठून आले?"

"ते मी तुम्हाला विचारतेय."

पेटीच्या आत शिफ्ट रजिस्टर असतं, हे मी डिप्लोमाला शिकले होते. सरांनी मला ते पुन्हा कागदावर काढून दाखवलं, तेव्हा निम्मं आठवलं. आठ खाने, प्रत्येकात शून्य किंवा एक. बटण दाबलं की सगळे आकडे एक खाना पुढे सरकतात, शेवटचा बाहेर पडतो. रिकाम्या झालेल्या पहिल्या खान्यात काय घालायचं, ते काही ठरावीक खान्यांकडे बघून ठरतं. सरकण्याआधी त्या खान्यांत एक किती होते ते मोजायचे. विषम असतील तर एक, सम असतील तर शून्य. ज्या खान्यांकडे बघायचं, त्यांना टॅप म्हणतात. शेवटच्या तीन खान्यांत शून्यं आली की आमचा लाल दिवा लागतो.

"टॅप नीट निवडले तर आठ खान्यांत दोनशे पंचावन्न वेगवेगळ्या स्थिती येतात, मगच पहिली परत येते," सर म्हणाले. "सगळी शून्यं ही एकच स्थिती सोडायची, कारण शून्यांतून शून्यच येतं."

"आणि आपण कुठले निवडलेत?"

त्यांनी बोर्ड हातात घेतला. "आठ आणि चार."

"का?"

"तार सरळ जाते. आधीची सात खान्यांची पेटी आठवते? तिला सात आणि सहा असे दोनच टॅप होते, आणि ती एकशे सत्तावीसवर पूर्ण फिरायची. मला वाटलं, आठलाही दोन पुरतील. विषम-सम ठरवणारं एक्सॉर गेट एकच लागतं. बोर्ड सुटसुटीत होतो."

खरं सांगायचं तर बोर्ड सुंदर दिसत होता. तो हातात घेऊन मीच म्हटलं होतं, "सर, या वेळी तारांचा गुंता नाही."

मी कागदावर आठ खाने आखले आणि आठ आणि चार घेऊन हाताने चालवलं. बारा ओळी झाल्यावर पहिली ओळ परत आली. विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या आकड्यांनी सुरुवात केली. पुन्हा बारा. तिसऱ्या सुरुवातीला तर सहातच संपलं. सर म्हणाले, चार-चारच्या उडीने बघा. बघितलं, तर प्रत्येक चौथा आकडा तिनाच्या फेऱ्यात अडकलेला होता. चार गुणिले तीन, बारा. आणि रांगेत छत्तीस बायका. छत्तीस म्हणजे बाराच्या तीन फेऱ्या बरोबर. रोज तीन लाल, रोज त्याच तिघी.

सरांनी जुन्या पुस्तकातला तक्ता काढला. आठ खान्यांसाठी आठ, सहा, पाच आणि चार. चार टॅप, तीन गेट. मी विचारलं, दोन टॅपच्या कुठल्याच जोडीने होणार नाही का? आठला नाही होत, ते म्हणाले. सातला होतं, आठला नाही. असं का, हे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. मी मान हलवली, पण वहीत त्याची ओळ लिहिता आली नाही.

बोर्डावर तारा टाकून टॅप बदलले. मी बसून दोनशे पंचावन्न वेळा बटण दाबलं. लाल एकतीस. दोनशे छप्पन्नावं पुन्हा पहिल्यासारखं. दहाच्या ओळीत लिहिलं, बाराच्या लिहिलं, सहाच्याही लिहिलं. कुठेच रांग उभी राहिली नाही. गुरुवारी दुपारी पेटी परत गेटवर लावून आले, आणि मेमो थांबवा म्हणून एचआर साहेबांना सांगून आले.

शनिवारी त्यांचा फोन. "मॅडम, त्या तिघी सुटल्या. आता दुसऱ्या चौघी. गुरुवारी ज्या चौघी, शुक्रवारीही त्याच."

छत्तीस आणि दोनशे पंचावन्न जुळत नाहीत, हे मी स्वतः तपासलं होतं. शुक्रवारी पेटी सदतिसाव्या स्थितीपासून सुरू व्हायला हवी होती. पुन्हा सातपूर गाठलं. गेटवर वॉचमन उभा होता.

"ही पेटी तुम्ही बंद करता का?"

"करतो ना. सगळ्या गेल्या की बोर्डाचं बटन बंद. साहेबांचा नियम हाय, फुकट लाइट जाळायची नाय."

तिथे मला समजलं, निदान अर्धं तरी. सगळी शून्यं आली तर पेटी तिथेच अडकेल आणि सगळ्यांना लालच दाखवील, म्हणून चालू होताना सरांनी खान्यांत एक ठरलेला आकडा भरण्याची सोय केली होती. तीच पुस्तकात सांगितलेली काळजी. पण त्यामुळे रोज संध्याकाळी पेटी त्याच जागेवरून सुरू व्हायची. टॅप चुकीचे होते तेव्हाही हेच होत असणार, फक्त बाराच्या आड ते दिसलं नाही.

सरांनी यावर उपाय काढला: बटणाने एकदा सरकवायचं नाही. रजिस्टर आपलं सेकंदाला हजारो वेळा सरकत राहील, बटण दाबताक्षणी जिथे असेल ती स्थिती धरायची. कुणाचा हात कधी बटणावर येईल, हे कुणालाच ठरवता येत नाही.

"मग टॅप बदलायची गरजच काय होती?" मी विचारलं. "आठ आणि चारवरही चाललं असतं."

"बारात एक आलं असतं. ऑर्डर आठात एकची होती. ते तुम्हीच पास केलं होतं, मॅडम."

ते बरोबर होतं.

नवी पेटी लागून दोन आठवडे झाले. लाल कुठेही लागतो. एकदा खुद्द एचआर साहेबांनी गंमत म्हणून बटण दाबलं, त्यांना लाल आला, आणि दुसऱ्या टेबलाच्या बाईने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, खिशात तार हाय का?" सगळ्या हसल्या. तेही हसले.

पण मेमो फाइलमध्येच आहेत. साहेब म्हणतात, दोष पेटीचा होता असं बनवणाऱ्याने लेखी दिलं, तरच मेमो रद्द करता येतील. नाहीतर पुढचा एक मेमो त्या तिघींपैकी कुणाच्याही नावावर चौथा ठरेल. पत्र मी टाइप केलं आहे, अर्ध्या पानाचं, टॅप क्रमांकांसह. सर म्हणतात, लेखी दिलं तर ही पेटी घेतलेल्या बाकीच्या कारखान्यांनाही कळेल. तेही खरं आहे. परवा मी पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, काल ते ड्रॉवरमध्ये गेलं होतं.

यादीत पाच कामं होती. टॅप बदलणे, झालं. रजिस्टर सतत सरकतं ठेवणे, झालं. वॉचमनला सांगणे, झालं. टेस्ट बारा-बाराच्या आणि इतर ओळींतही लिहिणे, सुरू केलं.

पाचवं: पत्रावर सरांची सही. बाकी.