आईचं पांढरं कार्ड

आईले कमी ऐकू येते हे आम्हाले माहीत होतं, किती कमी हे नव्हतं माहीत. समोर बसून बोललं की ती बरोबर जवाब द्यायची. पाठीमागून आवाज दिला की नाही द्यायची. मी समजत होती, मनात आलं तर ऐकते, नाही तर नाही. पाच-सहा वर्षं मी असंच समजत होती. आता आठवलं की लाज वाटते.

मी सौंसरच्या एका शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधते. माहा नवरा संत्र्याच्या ट्रकवर, हंगामात चार-चार दिवस घराचं तोंड पाहत नाही. ही गोष्ट झाली तेव्हा माही पोरगी आठ महिन्यांची होती. मी आईच्या भरोशावर तिले सोडून कामावर जायची. एक दिवस घरी आली तर पोरगी पलंगाच्या अन् भिंतीच्या मधात पडलेली, रडून रडून आवाज बसलेला, तोंड लालबुंद. अन् आई दोन हातांवर, तिच्याकडे पाठ करून तूर निवडून राहिली होती, आरामात! माहं डोकंच फिरलं. "कान कुठं गहाण ठेवले का तू? पोरगी मरून जाईल तरी तुले पत्ता नाही लागायचा!" हे मी तिच्या तोंडासमोर बोलली, म्हणून ते तिले सगळं समजलं. तिनं पोरीले उचलून घेतलं अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

त्या दिवशी मी ठरवलं, एक तर आईले कानाची मशीन आणायची, नाही तर मी काम सोडायचं. काम सोडलं तर घर कसं चालणार, हा विचार मी केलाच नाही. म्हणजे केला, अन् बंद करून टाकला.

विकतची चांगली मशीन आमच्या औकातीबाहेर होती. सरकार फुकट देते असं शाळेतल्या बाया सांगत. कोणतं सरकार, कोणत्या दफ्तरात, हे विचारलं की प्रत्येकीचं वेगळं. एक म्हणे पांढुर्ण्याले जा, आता आपला जिल्हा तोच. दुसरी म्हणे जिल्हा झाला तरी कागद अजून छिंदवाड्यालेच जाते. माही नणंद नागपुरात राहते, तिनं फोनवर सांगितलं, इकडे या, इकडे लवकर होते. आम्ही गेलो. तिथल्या खिडकीतल्या माणसानं आधार पाहिलं अन् म्हणे, तुम्ही मध्य प्रदेशचे, तुमचं काम तिकडे. बोली तीच, भाजी-भाकरी तीच, आमचे अर्धे नातेवाईक तिकडचे, पण पत्ता मध्य प्रदेशचा. झालं, परत.

शेवटी सौंसरच्या जनपद पंचायतीच्या दफ्तरातल्या बाबूनं आम्हाले खुर्चीवर बसवून समजावलं. तो भला माणूस होता, पण त्याचं ऐकून मी आणखीच गोंधळली.

"ताई, दोन योजना आहेत," तो म्हणाला. "एक दिव्यांगांची. तिच्यात वयाची अट नाही, पण दिव्यांगता चाळीस टक्के किंवा जास्त पाहिजे. दुसरी म्हाताऱ्या माणसांची. तिच्यात चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट लागत नाही, पण साठ वर्षं पूर्ण पाहिजे. उत्पन्न कमी असल्याचा कागद दोन्हीत लागते. तुमच्या आईचं वय?"

"आधारावर सत्तावन्न."

"अन् खरं?"

"खरं कोणाले माहीत, भाऊ?"

तो हसला. "मंग सत्तावन्नच. दिव्यांगाच्या लाईनमध्ये लागा. आधी कार्ड बनवा, मंग शिबिरात माप होईल, मंग काही महिन्यांनी मशीन भेटेल."

मी विचारलं, "शिबिरात जाऊन मशीन नाही भेटत?"

"पहिल्या शिबिरात फक्त पाहते. दुसऱ्या शिबिरात देते."

"अन् कार्ड?"

"कार्ड त्याच्या आधी. त्याचं शिबिर वेगळं."

बाप्पा! तीन शिबिरं. मी बाहेर येऊन आईले सांगितलं, तिनं मान हलवली. ती सगळ्यालेच मान हलवायची.

कार्डाचं शिबिर सौंसरातच एका शाळेत होतं. काय गर्दी! एका पायाचे, दोन कुबड्यांचे, पोराले पाठीवर घेतलेल्या बाया. एक माणूस गुडघ्यापासून गेलेला पाय पुढे करून बसला होता अन् विचारत होता, माप आजच घेता का? त्याले सांगितलं, आज टक्के, माप नंतर. चाकाची खुर्ची मागायले आलेल्या एका आजीलेही तेच सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहून मुंडी हलवली. त्या गर्दीत कोणालेच नीट काही समजत नव्हतं, अन् त्यानं मला थोडं बरं वाटलं.

कानाच्या तपासणीची खोली लहान होती. टेबलावर मशीन, आईच्या कानाले हेडफोन, अन् टेबलाच्या त्या बाजूले एक थकलेला पोऱ्यासारखा दिसणारा तपासणारा. सकाळपासून किती जणांची तपासणी केली होती, कोण जाणे. त्यानं सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. आईनं बोट वर केलं. पुन्हा केलं. पुन्हा. मी दारातून पाहत होती अन् मनात म्हणत होती, वा, बरंच ऐकू येते हिले! बाहेर आल्यावर ती खूश होती.

"सगळे बरोबर आले," ती म्हणाली.

"काय सगळे?"

"सवाल."

मी तिच्याकडे पाहतच राहिली. आई तिसरीपर्यंत शिकलेली. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, एवढंच तिले माहीत. तो माणूस बटन दाबायचा तेव्हा त्याचं बोट हलायचं, अन् त्याचं बोट हललं की हिचं बोट वर! मला हे तेव्हा समजलं नाही. तिनं पुढे स्वतःच सांगितलं, शहाणपणा सांगावा तसं.

महिना-दीड महिन्यानं कार्ड ऑनलाईनच्या दुकानातून काढून आणलं. आईचा फोटो, नाव, अन् पांढरी पट्टी. दिव्यांगता चोवीस टक्के. कार्ड भेटलं म्हणून आम्ही मायलेकी पेढे घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाबूकडे गेली तर तो कार्ड उलटंसुलटं करून म्हणे, "ताई, पांढरी पट्टी म्हणजे चाळीसच्या आत. पिवळी पाहिजे, नाही तर निळी."

"पण कार्ड तर दिलं ना सरकारनं?"

"दिलं. पण ह्याच्यावर मशीन नाही भेटत."

कार्ड दिव्यांगाचं, अन् दिव्यांगाची मशीन नाही! मी त्याले चार वेळा विचारलं, चारही वेळा त्यानं तेच सांगितलं, अन् चारही वेळा मला नाही समजलं. पेढे घरी तसेच पडले होते. मी आईवर पुन्हा चिडली, पण आता तिच्या तोंडासमोर नाही, तिच्या पाठीमागं. "नाटकं करते," मी म्हणाली. "लोकांच्या आया खऱ्या बहिऱ्या असतात, आमची मनाची बहिरी." ती भांडे घासत राहिली.

त्याच रात्री जेवताना तिनं मला बोटाची गोष्ट सांगितली. मी घास हातात धरून बसली. "अवं आई, ते सवाल नव्हते वं!" मी ओरडली. तिचा चेहरा असा झाला, जशी काही परीक्षेत चोरी करताना सापडली.

फेरतपासणी होते हे बाबूनंच सांगितलं. अर्ज दिला, तारीख आली, सकाळच्या बसनं छिंदवाड्याले मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तपासणीवाल्या मॅडमले आईनं हात जोडून जय भीम केला. मॅडमनं जुना कागद पाहिला, आईकडे पाहिलं, अन् आईची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मग आई अन् भिंत. हेडफोन लावले. मॅडम बटन दाबत राहिल्या अन् आईचा हात मांडीवरच. मधात एकदा तिनं उगाच बोट वर केलं, भीतीनं, अंदाजानं. मॅडमनं तेव्हा बटन दाबलंच नव्हतं. आई मान वळवून मला शोधू लागली, मॅडमनं हळूच पुन्हा भिंतीकडे केली.

हेडफोन काढल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही मागं उभ्या राहा. तुमच्या आवाजाची त्यांना सवय आहे. घरी बोलता तसं बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

मी दोन पावलांवर उभी राहिली. आधी भाज्यांची नावं घेतली. वांगे, मेथी, पालक. आई हलली नाही. मग म्हटलं, "आई, चाय घेशील?" नाही हलली. मॅडम म्हणाल्या, थोडं मोठ्यानं. मी मोठ्यानं आवाज दिला, "आई!" तिची वेणी, तिची मान, पदराची कड, सगळं जसंच्या तसं. मला पोरगी आठवली पलंगाच्या मागची. मग माह्या तोंडातून निघून गेलं, "आई, मी तुले लय बोलली वं. तुह्या मागं तर काय काय बोलली. माफ कर मला." ती भिंतीकडे पाहत बसली होती, कोणीतरी कधी तरी काही विचारेल म्हणून वाट पाहत. मॅडमनं कागदावरची नजर काढली नाही.

जुना कागद अन् नवा कागद जुळत नव्हता, म्हणून आईले निजवून डोक्याले वायर लावूनही तपासलं. त्यात बोट वर करायचं काम नव्हतं. चौसष्ट टक्के निघाले. मला इतका आनंद झाला की मी बाहेर येऊन आईले मिठी मारली. आई विचारते, "पास झाली का?" मी मान हलवली. मग बसमध्ये खिडकीजवळ बसली तेव्हा डोक्यात आलं, मी कशाचा आनंद करून राहिली? आई जवळपास बहिरी निघाली, अन् मी पास झाल्यासारखी हसून राहिली. ते गणित मला आजही सुटत नाही.

पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. पांढुर्ण्याच्या शिबिरात नाव लागलं, कागद तपासले, कान तपासला, पावती दिली. बरेच महिने गेल्यावर फोन आला, येऊन मशीन घेऊन जा. कानामागं बसवायची मशीन, जास्तीचे सेल, अन् एका ताईनं आवाज कसा कमी-जास्त करायचा ते आईकडून तीन-तीनदा करून घेतलं.

घरी आलो. पहिल्यांदा तिले सगळंच जास्त झालं. भांडे पडले की दचकायची, कुकरच्या शिटीले शिव्या द्यायची. पोरगी झोपेत कण्हली तरी उठून जायची. पोरीले तिच्याजवळ सोडून मी आता निवांत कामावर जाऊ लागली.

चार-पाच दिवसांनी ती तांदूळ निवडत बसली होती, माह्याकडे पाठ करून. म्हणाली, "त्या दवाखान्यात तू माह्या मागं काय बोलली होती वं? उठली तर मॅडमचं तोंड उतरलं होतं."

"भाज्यांची नावं घेतली," मी म्हणाली.

"भाज्यांनं कोणाचं तोंड उतरते का? सांग. आता सांग, मी पाहत नाही."

मी तिच्या मागं उभी राहिली. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. मी उभी, ती वाट पाहून राहिली. तिनं कानामागं हात नेला, मशीन चाचपली, बटन खालीवर केलं. "बंद पडली वाटते," ती स्वतःशीच म्हणाली.

"नाही पडली, आई," मी म्हणाली, अन् त्या दिवशी बोलली होती ते सगळं पुन्हा बोलली, हळू आवाजात, एक शब्द न गाळता.

तिनं वळून नाही पाहिलं. तांदळातला हात थांबला होता.

"ऐकलं," ती म्हणाली.