ओल्या भुईतली भेग

आमच्या परभणीजवळच्या झरीकडं भुईला भेगा पडल्या म्हणजे पाऊस लांबला असं समजायचं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते. उन्हाळ्यात भेगेत जनावराचा पाय जातो. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे काही शाळेत शिकले नाही. आयुष्यभर ते खरं ठरलं. म्हणूनच माझ्या हातून चूक झाली.

लेक सह्याद्रीतल्या एका वाडीत शिक्षिका आहे. भर पावसाळ्यात घसरून तिचं पाऊल मोडलं. जावई दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, म्हणून मी जाऊन राहिले. वाडी म्हणजे डोंगराच्या पोटाला चिकटलेली दहा-बारा घरं. शाळा तेवढी समोरच्या सपाट माळावर, डोंगरापासून लांब. शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं बसवलेलं होतं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, किती मिलिमीटर झालं ते वहीत लिहायचं आणि तालुक्याला फोनवर कळवायचं, हे लेकीचं काम. ती खाटेवर पडलेली, म्हणून पाणी मोजायला मी जायला लागले. आकडे मला वाचता येतात.

वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लाल शाईनं लिहिलेले होते. मी विचारलं, "हे दोन कशाचे गं?"

लेक म्हणाली, "माय, एक एका दिवसाच्या पावसाचा. तेवढा पडला की सावध व्हायचं. दुसरा मागच्या पाच दिवसांच्या बेरजेचा. आधीचं पाणी मुरून बसलेलं असलं, तर थोड्या पावसानंबी डोंगर सुटतो."

"सुटतो म्हंजी सुटतोच का?"

"न्हाई. आधी जिथं जिथं डोंगर सुटले, तिथं किती पाऊस पडला होता ते बघून काढलेत हे आकडे. पार केला तर पडंलच असं न्हाई, आणि न्हाई पार केला म्हणून पडणार न्हाई असंबी न्हाई."

मला ते पटलं नाही. असला कसला आकडा, जो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही? पण पिठाचं मला कळतं. ज्वारीच्या पिठात बेतानं पाणी घातलं तर गोळा धरतो, जास्त झालं की परातीत पसरतो. तिथल्या तांबड्या मातीखाली लगेच खडक. पाणी मातीत शिरतं, खडकाशी थांबतं, आणि वरची माती जड होऊन तिची पकड जाते. हे आता कळतं. तेव्हा मी नुसती ऐकत होते.

पाऊस दहा दिवस थांबला नाही. फार मोठा असा एकाही दिवशी नव्हता, पण शेवटचे चार दिवस वाढला होता. एका दिवसाचा लाल आकडा एकदाही ओलांडला नाही, म्हणून सगळे निवांत. अकराव्या दिवशी तो थोडा ओसरला. मी घरांच्या मागं वरच्या उतारावर गेले, पाण्याचा चर तुंबला होता तो मोकळा करायला. तिथं गवतात आडवी भेग दिसली. बोटभर रुंद, कमानीसारखी वळलेली, लांबपर्यंत गेलेली. मला बरं वाटलं. भुई वाळायला लागली, आता उघडणार. शेजारणीचं रेडकू तिथं चरायचं, त्याचा पाय अडकू नये म्हणून मी हातानं चिखल भरून ती बुजवली. कुणाला सांगावं असं त्यात काय होतं?

दुसऱ्या दिवशी भांड्यात पाणी कमीच निघालं. लेकीनं आकडा लिहिला, मागचे चार मिळवले आणि पुन्हा एकदा मिळवून बघितले. बेरीज दुसऱ्या लाल आकड्याच्या पुढं गेली होती. तिनं पोलीस पाटलांना बोलावलं. ते दारात छत्री झटकत म्हणाले, "बाई, आज तर निम्मापण न्हाय. कमी व्हायला लागलाय आणि तुम्ही लोकांना उठवताय?"

मी चहा गाळत होते. पाटलांची बाजू घ्यावी म्हणून बोलले, "खरंच कमी हाय. काल मागं भुईला भेग पडली व्हती. वाळायलीय जमीन."

लेकीच्या हातातला पेन थांबला. "कुठं?"

पाटील आणि मी वर गेलो. मी भरलेला चिखल मधून फाटला होता. कालची बोटभर भेग आता अशी होती की माझा हात मनगटापर्यंत गेला. आत ओलंच होतं. खालची बाजू वरच्यापेक्षा वीतभर खचली होती. पाटील सरळ खाली पळाले.

तासाभरात घरं रिकामी व्हायला लागली. लेकीला खुर्चीत बसवून चौघांनी शाळेत नेलं. शेजारीण मात्र हलेना. माझ्याच वयाची, एकटी राहणारी, आणि तिची दुसरी म्हैस व्यायला झालेली.

"चला," मी म्हणाले.

"तुमी जावा. परभणीचं माणूस डोंगराला भ्यायचंच. म्हस मधेच व्यायली तर माळावर पावसात काय करू?"

"हितं व्याली तर कुठं जाशील?"

"ह्या डोंगरानं मला पन्नास वर्सं सांबाळलंय."

"डोंगर कुणाला सांबाळत न्हाई बाई. तो नुसता बसलेला असतोय. चल, दाखवते."

तिला वर नेलं. मी सांगितलं की काल ही मी बुजवली होती, वाळल्याची खूण समजून. ती खाली वाकली, फाटलेला चिखल बघितला, मग तिनं हात घातला. बराच वेळ काढला नाही.

"काल बगितली व्हती?"

"हां."

"आन् गप बसलीस?"

"गप बसले."

ती म्हशी सोडायला गेली. दोन्ही जनावरं आणि रेडकू आम्ही दोघींनी हाकत माळावर नेली. भांडी, धान्य, अंथरुणं घरातच राहिली. शाळेतून कुणाला परत जाऊ दिलं नाही.

दुसरा दिवस निम्मा गेला तरी काही झालं नाही. पाऊस भुरभुर. बायका भाकरी थापताना कुरकुरायला लागल्या. एक जण म्हणाला, "आकड्यांनी डोंगर पडत असते तर शाळेतल्या पोरांनी रोज पाडले असते." सगळे हसले. मीही हसले.

दुपारी आवाज आला. मोठ्या ट्रॉलीतून मुरूम ओतावा तसा, पण थांबेचना. उतार त्या कमानीपासून खाली सुटला आणि शेजारणीचं घर, गोठा आणि पुढचं आणखी एक घर झाडांसकट ओढत ओढ्यात घेऊन गेला. लेकीचं घर राहिलं, भिंत तडकली. त्या वेळी पाऊस इतका कमी होता की मी पदर डोक्यावर घेतलेला नव्हता.

वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. लोक लेकीला शाबासकी देत होते, काही जण मलाही, भेग सांगितली म्हणून. शेजारीण म्हशीजवळ बसून होती. मी जाऊन बसले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"एक दिवस आदी बोलली असतीस," ती म्हणाली, "तर माजी भांडी निगाली असती. धान्य निगालं असतं. मालकांचा फोटू निगाला असता."

"हो," मी म्हणाले.

व्यायला आलेली म्हैस कळांनी उठू बघत होती. शेजारणीनं मला तिचं डोकं धरायला सांगितलं आणि आम्ही कामाला लागलो.