वाटणीची पट्टी

किंमत आपण ठरवायची अन् त्यातून आजारी लेकरांच्या दवाखान्याला मदत करायची, असा कंप्युटर गेमचा संच एका साइटवर विकायला आला होता. तुळजापुरात शिक्षिका असलेल्या ताईनं स्वतःचं कार्ड दिलं. "गेम तुला, पैसे लेकरांना. पाचशे टाक."

मला गेमची लई घाई. पैसे भरले, मेलवर लिंक आली, तिथले कोड माझ्या गेमच्या खात्यात टाकून खेळत बसलो. नंतर ताईनं पावती मागितली, तेव्हा ती उघडली. दवाखान्याला नावापुरतेच गेले होते. बाकी गेम बनवणाऱ्यांना अन् साइटला. पैसे भरताना रकमेखालीच कुणाला किती ते ठरवायची वाटणीची पट्टी होती, नुसती सरकवायची होती. मी गाढव, तिकडं बघितलंच न्हाय. आता बदलता येईना.

पावती दाखवली न्हाय. ताई अजून लोकांना सांगते, "दिले की पाचशे, लेकरांना." मग माझ्याकडं बघते. मी हो म्हणून मान हलवतो.