बुधवार, दुपारी एक

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळत आलो. दोनदा वही उघडली आणि दोन्ही वेळा भाजीची यादी लिहून मिटली. एवढा काही मोठा अपराध नव्हता, असं मी स्वतःला समजावायचो. मोठा नव्हता तर सांगून का टाकला नाही, हे मात्र कधी स्वतःला विचारलं नाही.

पळसदरीला धरणाच्या वाटेवर आमचं घर आहे. मुलाने मागच्या अंगाला तीन खोल्या बांधल्या, शनिवार-रविवार येणाऱ्या पाहुण्यांसाठी. बांधल्या त्याने, चालवायच्या सुनेने. तो खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचा. ती स्वयंपाक, चादरी, पाहुण्यांचे फोन आणि इन्स्टावरचं पान, असं सगळं बघायची. दोन वर्षं खोल्या अर्ध्या रिकाम्याच राहिल्या. तेव्हा मुलाने तिला सांगितलं की या वेळची पोपटीची थंडी, म्हणजे शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे दिवस, बघू. खोल्या भरल्या तर तुझ्याकडे, नाहीतर तो मुंबईचा माणूस विचारतोय त्याला भाड्याने देऊन टाकू. तो माणूस तिथे गाणी लावून पार्ट्या करणार होता. दुसऱ्या दिवशी सुनेने माझ्याकडे एक कोरी वही मागितली.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कधी सोडायची, कुठल्या दिवशी कशेळ्याच्या बाजाराला जादा गाडी लागते, यात माझा जन्म गेला. म्हणून असेल, पण तिचं काम मला तिच्या नवऱ्यापेक्षा लवकर कळलं. ती एका पोस्टमध्ये आठ फोटो टाकायची, बोटाने सरकवत एकामागून एक बघायचे. त्याला कॅरोसेल म्हणतात. अशी पोस्ट कुठल्या दिवशी, किती वाजता टाकली म्हणजे जास्त माणसं बघतील, हे तिला शोधायचं होतं.

पानाच्या आकडेवारीत एक आलेख दिसायचा. पान फॉलो करणारी माणसं कुठल्या वारी, कुठल्या वेळी जास्त फोनवर असतात त्याचे उभे पट्टे. रात्री नऊच्या आसपासचा पट्टा सर्वांत उंच, त्याच्या खालोखाल दुपारी जेवणाच्या सुट्टीचा. वारांमध्ये फारसा फरक नव्हता, बुधवार-गुरुवार जरा वर.

मी म्हटलं, मग झालं की, रात्री नऊला टाक.

"बाबा, स्टँडवर गर्दी असली म्हणजे सगळी आपल्याच गाडीत बसतात का?" तिने विचारलं.

मला हसू आलं. तिचं बरोबर होतं. माणसं फोनवर आहेत एवढंच तो आलेख सांगतो, आपलं बघतील की नाही ते सांगत नाही. ते करूनच बघावं लागतं.

तिने ठरवलं की वार एकच ठेवायचा, बुधवार. एका बुधवारी दुपारी एक, पुढच्या बुधवारी रात्री नऊ, असे आलटून पालटून सहा बुधवार. दरवेळी आठच फोटो, पहिला समोरच्या शेताचा, शेवटचा खोलीचा, मजकूरही साधारण तेवढाच. बदलायची फक्त वेळ. आणि आकडे बघायचे ते दरवेळी बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी, म्हणजे जुन्या पोस्टला जास्त दिवस मिळाले असं व्हायला नको. किती जणांपर्यंत पोचली, किती जणांनी जपून ठेवली, किती जणांनी पुढे पाठवली. लाईक ती शेवटी लिहायची. म्हणायची, लाईक म्हणजे रस्त्यात राम राम, जपून ठेवलं म्हणजे पत्ता लिहून घेतला.

गणपती झाल्यावर सुरुवात केली.

आता माझं. आमच्याकडे रात्री नऊला पानं वाढतात. माझी बायको गेल्यापासून दिवसातलं तेवढंच एक जेवण सगळ्यांचं एकत्र होतं. नऊच्या बुधवारी सून ताट बाजूला सारून फोन घेऊन बसायची. पहिल्या तासात कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायला हवं, म्हणायची. तव्यावरची भाकरी मीच काढायचो. मला ते आवडत नव्हतं. एवढंच कारण होतं. दुपारची वेळ जिंकली तर रात्रीची ही कटकट जाईल, असं मनात आलं.

आणि मला एक जुनी खोड होती. नोकरीत असताना डोंगरातल्या एका वाडीची गाडी बंद व्हायची वेळ आली. उतारू मोजायला माणूस येणार होता. मी वाडीत निरोप धाडला की त्या दिवशी म्हातारीकोतारी, पोरंटोरं, सगळी चढा. गाडी भरली, वाचली, मला वाडीने नारळ दिला. भल्यासाठीच केलं होतं.

तसंच मी इथे केलं. दुपारच्या तिन्ही बुधवारी पोस्ट पडली की मी ती पेन्शनरांच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि लोधिवलीच्या, म्हणजे सुनेच्या माहेरगावच्या, पुरुषमंडळींच्या ग्रुपवर टाकायचो. सोबत लिहायचो, सूनबाईंचं काम आहे, सगळे फोटो सरकवा आणि खाली जपून ठेवायचं फितीसारखं चिन्ह आहे ते दाबा. ज्यांची खाती होती त्यांनी दाबलं. ज्यांची नव्हती त्यांनी नातवंडांकडून दाबून घेतलं. रात्रीच्या बुधवारी मी भाकरी खाऊन झोपलो.

दुपार जिंकली. तिन्ही वेळा, आणि चांगल्या अंतराने. एकदाच आलं असतं तर तिने मानलं नसतं, पण तीनदा आलं म्हणून मानलं. दिवाळीनंतर तिने सगळ्या पोस्ट बुधवारी दुपारी एकला लावल्या. आता नऊला ती आमच्यात जेवू लागली. मी तेव्हा खूश होतो, हे लिहायला हवं.

थंडी पडली. वालाच्या शेंगा भरू लागल्या. तिने पोपटीची सुंदर पोस्ट केली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, मग मडकं पालथं आणि भोवती जाळ, एकेका फोटोत एकेक पायरी. आणि खोल्या रिकाम्या. मुंबईचा माणूस येऊन खोल्यांची मापं घेऊन गेला. मुलगा चिडून बोलला नाही, तेच वाईट होतं. नुसतं म्हणाला, तू केलंस तेवढं पुष्कळ.

एका रात्री ती वही आणि फोन घेऊन ओटीवर बसली. मी दिव्याखाली पेपर वाचत होतो. ती आकडेवारीत पोस्ट कुठल्या गावांतल्या लोकांपर्यंत पोचल्या ते बघत होती. एरवी मुंबई, ठाणे, पुणे वर असायची. दुपारच्या त्या तीन बुधवारी मात्र वर कर्जत, खोपोली आणि चौक गाव.

"कर्जतचा माणूस पळसदरीला खोली कशाला घेईल?" ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, कोणी घरातलं पाठवत होतं का हे?"

मी पेपरचं पान उलटलं. म्हटलं, कुणास ठाऊक.

तिने चौकवर बोट ठेवलं. लोधिवली चौकला लागून. तिची आई लोधिवलीला. आणि विहीणबाईंची ख्याती अशी की आलेला प्रत्येक निरोप, देवाचा असो की दवाखान्याचा, त्या पुढे पाठवायच्याच. सुनेने तिथेच फोन लावला. आवाज चढवला नाही, पण रडत जे बोलली ते मी ऐकलं. "आई, तुझ्यामुळे माझं घर जाईल. माझ्या पानाला परत हात लावू नकोस."

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही त्याला. माझं पेपरचं तेच पान उघडं राहिलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

सुनेने जुने सहाही बुधवार वहीत रेघ मारून बाद केले. माझ्या मनात होतं, निदान रात्रीचे तीन ठेव, ते खरे आहेत. पण तसं म्हटलं असतं तर मला कसं माहीत, हा प्रश्न आला असता. तिने नव्याने सहा बुधवार धरले. मुलाकडून पोपटी संपेपर्यंतची मुदत मागून घेतली आणि घरात बजावलं की दोन दिवस होईपर्यंत कोणी पोस्ट पुढे पाठवायची नाही. वही लिहायचं काम मी मागून घेतलं. आयुष्यात एवढ्या काळजीने मी गाड्यांच्या वेळाही लिहिल्या नव्हत्या. शुक्रवारी दुपारी एकला किंवा रात्री नऊला, मिनिटाला मिनिट, मी तिच्या शेजारी जाऊन बसायचो आणि ती सांगेल तो आकडा लिहायचो. संक्रांतीचा बुधवार आम्ही सोडला, सणाच्या दिवशी माणसं वेगळी वागतात म्हणून.

या वेळी रात्र पुढे गेली. दुपारी माणसं नुसती बघून जायची. रात्री जपून ठेवायची, आणि कुणीतरी दुसऱ्या कुणाला पाठवून विचारायचं, जायचं का? चौथ्या बुधवारी ठाण्याच्या एका कुटुंबाने दोन खोल्या मागितल्या. सहाव्यानंतर तिने एकदा गुरुवार, एकदा मंगळवार करून बघायला घेतला. मंगळवार मागे पडला. बुधवार आणि गुरुवारात मी चार-पाच जणांचा फरक दाखवला, तर म्हणाली, "एवढ्याला फरक म्हणत नाहीत, बाबा. बुधवारच ठेवू, लोकांना रजा मागायला एक दिवस जास्त मिळेल." फेब्रुवारीत तीन शनिवार तिन्ही खोल्या भरल्या. अंगणात मडक्याभोवती जाळ, शहरातली पोरं शेंगा सोलताना बोटं भाजून घेत होती. मुलाने स्वतः मुंबईच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. आता खोल्या पाच आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर ती वेळ पुन्हा तपासते. म्हणते, माणसांच्या सवयी बदलतात. बुधवारी आम्ही दहाला जेवतो. मला भाकरी चांगल्या भाजता येतात.

सुनेला मी गेल्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, माझं राहू दे बाबा, आईला सांगा.

मी गेलो लोधिवलीला. विहीणबाईंनी चहा केला, शेंगदाण्याचे लाडू पुढे ठेवले. लेकीच्या पाच खोल्यांचं कौतुक त्यांनी लोकांकडूनच ऐकलं होतं. म्हटलं, फोटो बघत नाही का?

"नाय बघत. तिनं नको म्हटलं ना तवा," त्या म्हणाल्या. "मी खरंच नाय काय पाठवलं, व्याही. पण पोर रडत व्हती, म्हणून म्हटलं, चुकलं गं माजं."

त्या हसल्या. माझ्या हातात बशी होती. मी म्हटलं, लाडू छान झालेत. आणि चौकची रिक्षा मिळाली तशी घरी आलो.

आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. हे पान सून त्यांना वाचून दाखवणार आहे, तसं तिने कबूल केलं आहे. तोंडाने बोललो असतो तर एवढंच बोललो असतो: विहीणबाई, ते मी पाठवलं होतं. तुम्ही माझी चूक पदरात घेतलीत आणि मी ती घेऊ दिली. मला माफ करा.