पाच वेळा बदललेला बोर्ड

त्या दिवशी वाशिमच्या आमच्या परकीय चलनाच्या काउंटरवर मी दराचा बोर्ड पाच वेळा बदलला. वरून आलेला हरामखोर नियम असा: आमचा खरेदीचा दर उतरला की बोर्ड लगेच बदलायचा, चढला की फोन येईपर्यंत थांबायचं. दुबईत गवंडीकाम करणारा, सुटीवर आलेला मानोऱ्याचा एकजण दिरहम विकायला आला. दर पाहून तो पासपोर्टची झेरॉक्स काढायला गेला. परतेपर्यंत दर चाळीस पैशांनी उतरला होता. मी बिल काढून सहीसाठी पुढे केलं, तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर दर पुन्हा चढला.

“ताई, थांबू का जरासा? भाव वाढून राह्यला काय?”

बोर्डवर अजून उतरलेलाच दर होता. त्या नियमापायी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सही करा, भाऊ,” मी म्हटलं.