दहा किलोचा तास

बी.कॉम. झाल्यावर मला अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात नोकरी लागली. लागली म्हणजे आईनं लावली. ती त्याच मिलच्या शेडमध्ये बारा वर्षं डाळ निवडत होती आणि माझ्यासाठी शेठजींकडे तीनदा जाऊन उभी राहिली होती. मी पंख्याखाली, ती टिनाखाली, मधे एक भिंत. या गोष्टीची मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा मला अभिमानच वाटायचा. आईला तर माझ्यापेक्षा जास्त.

निवडायचं मशीन मिलमध्ये होतंच. पण मशीननं बाजूला टाकलेल्या मालात चांगली डाळ राहते, ती हातानंच वेगळी करावी लागते. त्याचे बायांना किलोमागे सहा रुपये मिळायचे. साडेनऊला बाया आत यायच्या, साडेसहाला बाहेर पडायच्या, मधे जेवणाचा एक तास. म्हणजे कामाचे आठ तास. हे मिलमधल्या कुत्र्यालाही माहीत होतं, पण लिहिलेलं कुठंच नव्हतं. हजेरीत नुसती एक बरोबरची खूण असायची.

मग कामगार खात्याचे साहेब तपासणीला आले. शेठजींना ते म्हणाले, "किलोवर द्या की पोत्यावर द्या, मला घेणं नाही. बाई जितके तास बसली तितक्या तासांचं किमान वेतन तिच्या हातात पडलं पाहिजे. कमी असेल तर फरक द्यावा लागेल. तास दाखवा."

"साहेब, तास कुठून दाखवू?" शेठजी हात जोडून म्हणाले. "बाया घरचं आटपून येतात, मधेच उठून जातात. त्यांची मर्जी."

मी तिथंच फाइल धरून उभी होते.

साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. एका तासात किती किलो निवडून होते ते घड्याळ लावून बघा, महिन्याच्या किलोंना त्यानं भागा, म्हणजे तास निघतील. मग दिलेले पैसे त्या तासांवर वाटा आणि किमान दराशी ताडून कागद आणा. ते गेल्यावर शेठजी मला म्हणाले, "तूच काढ. शिकलेली आहेस. आणि तुझ्या आईचाच हात मोज, म्हणजे कोणी खोटं म्हणायला नको."

मी मूर्ख. मला आनंद झाला.

मोजणीच्या दिवशी आई धुतलेलं, इस्त्रीचं लुगडं नेसून आली. मी तिच्यासमोर मोबाइलचं घड्याळ लावून उभी राहिले. सुपरवायझरनं तिच्या पुढ्यात पोतं आणून ठेवलं. एरवी बायांना ते स्वतः ओढून आणावं लागायचं. माल त्यातल्या त्यात स्वच्छ होता, खडा आणि काळी डाळ नावाला. काटा शेजारीच मांडलेला. आईनं पूर्ण तासभर मान वर केली नाही, पाणी प्यायली नाही, पदर सरळ केला नाही. तिची बोटं इतकी भरभर चालताना मी कधीच पाहिली नव्हती. वजन भरलं दहा किलो.

"किती झालं व?" तिनं विचारलं.

"दहा."

तिनं शेजारच्या बायांकडे असं पाहिलं, जसं काही परीक्षेत तीच पहिली आली. "पोरगी समोर असली का हात चालतेच," ती म्हणाली. बाया हसल्या. मीही हसले, आणि कागदावर लिहिलं: एक तास, दहा किलो.

ऑफिसात बसून मी भागाकार सुरू केला. सुरुवात आईपासूनच केली. तिची रोजची सरासरी अठ्ठेचाळीस किलो. भागिले दहा. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून पुन्हा केलं. तेच आलं. अठ्ठेचाळीस किलोचे दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये. खऱ्या आठ तासांवर वाटले तर ताशी छत्तीस, कागदावरच्या तासांवर वाटले तर ताशी साठ. किमान दर या दोन्हींच्या मधे होता. म्हणजे शेडमध्ये बसलेल्या बाईला कमी मिळत होतं आणि कागदावरच्या बाईला भरपूर. सगळ्या पन्नास बायांचं तसंच झालं.

मी शेठजींकडे गेले. म्हटलं, मोजणी चुकली. साधारण हाताच्या चार-पाच बाया घ्यायला हव्यात, नेहमीचा माल हवा, पोतं आणणं, काट्यापाशी थांबणं, पाण्याला उठणं, सगळं धरून अख्खा दिवस मोजायला हवा.

शेठजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "आई त्या दिवशी खोटं काम करत होती का?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "फरक द्यायची वेळ आली ना, तर आधी मंद हाताच्या बाया काढाव्या लागतील. तुझ्या आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणतात."

मी कागद प्रिंट केला.

साहेब येणार त्या सकाळी ऑटोत मी आईला सांगितलं, "तुले विचारतीन. खरी वेळ सांग. साडेनऊ ते साडेसहा."

"अन् तुह्या कागदावर काय हाय?"

"पाच तासाच्या आत."

ती बाहेर बघत बसली.

साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. ज्या खुर्चीवर मी तिला कधी बसवलं नव्हतं, तिच्या शेजारी ती उभी राहिली. "मावशी, किती वाजता येता, किती वाजता जाता?" त्यांनी चांगलं विचारलं. त्यांना शंका आली होती, हे मला दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. पन्नास बायांचा फरक त्या एका वाक्यावर अडला होता.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं लिवलं ते बरोबर हाय साहेब. तिनं घड्याळ धरलं होतं. तिचं कसं चुकन?"

साहेब माझ्याकडे वळले. "हिशेब तुम्ही केलात? बरोबर आहे?"

"हो," मी म्हटलं.

आता मी अमरावतीला असते, दुसरी नोकरी करते, आणि हा 'हो' मी कितीदा मागं घेतला असेल. पण साहेबांनी त्या दिवशी सही केली ती केली.

पुढच्या सोमवारी आई आठलाच चप्पल घालू लागली. मी विचारलं, "माय, काहून एवढ्या लवकर?"

"हात मंद झाले माहे," ती म्हणाली. "पाच तासाचं काम मले आठ तास लागून राहिलं. लोकाच्या डोळ्यात यायच्या आधी जरा लवकर जाऊन बसते."

मी तिला समजावलं. तो तासच खोटा होता, माल वेगळा होता, पोतं हातात आणून दिलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "पन दहा किलो तर मीच निवडले ना व," ती म्हणाली आणि गेली.

त्या महिन्यात ती रोज नऊ तास बसली. सरासरी चोपन्न किलो. महिनाअखेरीला तिच्या नावापुढं मी त्याच दहानं भागून रोजचे तास भरले: पाच तास चोवीस मिनिटं.